माजी सहकाऱ्याबद्दल रेफरन्स विचारला जातो तेव्हा: एका उत्तराची घडण

माझ्या टीममध्ये तीन वर्षं काम करून गेलेल्या एका सहकारी मुलीबद्दल दुसऱ्या कंपनीतून मेल आला. ती आमच्याकडे विक्रेत्यांची बिलं पाहायची. नवी जागा चार जणांच्या टीमची प्रमुख म्हणून होती. मेलमध्ये सात प्रश्न होते: कालावधी आणि हुद्दा, कामाचं स्वरूप, बलस्थानं, सुधारणेला वाव कुठे, टीम सांभाळण्याची क्षमता, नोकरी सोडण्याचं कारण, आणि पुन्हा संधी मिळाली तर घ्याल का. शिवाय आठ गुणांसाठी १ ते ५ अंक भरायचा तक्ता. हे उत्तर कसं तयार झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा पत्रांत चांगल्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही, मोघमपणाने होतं.

उत्तर लिहायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात. पहिली म्हणजे विचारणारा खरा आहे का. मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आला आहे का ते पाहायचं आणि मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर फोन न करता कंपनीच्या वेबसाइटवरचा मुख्य नंबर लावून त्या व्यक्तीची खात्री करायची. रेफरन्सच्या नावाखाली पगाराची किंवा घरची माहिती काढण्याचे प्रकार होतात. दुसरी, उमेदवाराने आपलं नाव दिलं आहे का. न दिलेलं असेल आणि ती अजून कुठे नोकरीत असेल, तर आपल्या एका फोनमुळे तिथे बातमी फुटू शकते. तिसरी, आपल्या कंपनीचा नियम. बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या नावाने फक्त हुद्दा आणि तारखा द्यायच्या, आणि त्याही एचआरने, असा नियम असतो. मी एचआरला विचारलं. तारखा आणि हुद्दा त्यांच्याकडून जाईल, कामाबद्दलचं मत मी व्यवस्थापक म्हणून माझ्या नावाने लिहू शकते, विक्रेत्यांची नावं आणि रकमा मात्र येता कामा नयेत, असं लेखी उत्तर आलं. ते मेलसोबत जपून ठेवलं.

मग तिला फोन केला. ही पायरी बरेच जण गाळतात; माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. एक तर नव्या कामाचं वर्णन तिच्याकडून मिळतं, त्यामुळे तीन वर्षांच्या कामातलं नेमकं काय सांगायचं ते ठरतं. बिलांच्या जुळवणीसाठी माणूस हवा असेल तर तिने चालवलेल्या प्रशिक्षणाचं वर्णन कितीही सुंदर केलं तरी वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नसतं. आणि दुसरं म्हणजे, आपण उणीव म्हणून काय लिहिणार आहोत ते तिला आधी कळलं पाहिजे.

"अडलेलं बिल वर कळवायला तू उशीर करायचीस, ते मी लिहिणार आहे," मी म्हटलं.

ती थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, पण दुसऱ्या वर्षी ते सुधारलं होतं ना?"

"सुधारलं होतं. तेही लिहिणार आहे, कसं सुधारलं त्यासकट. तरीही तुला दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचं असेल तर आज सांग."

तिने माझंच नाव ठेवलं. ठेवलं नसतं तरी चाललं असतं. व्यवस्थापकाकडे सांगण्यासारखं चांगलं फारसं नसेल, तर त्याने याच टप्प्यावर "माझं नाव देऊ नकोस" असं स्पष्ट सांगायला हवं. होकार देऊन नंतर दोन कोरड्या ओळी पाठवणं हा उमेदवारावर अन्याय आहे, कारण तिला पर्याय शोधायला वेळच उरत नाही.

आता मुख्य काम, बलस्थानं. पहिल्या खर्ड्यात विशेषणं येतातच: मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारी. मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: टीममधल्या बाकीच्या पाच जणांपैकी कोणाचंही नाव इथे घातलं तर वाक्य खरं राहील का? राहत असेल तर ते कापायचं. या चाळणीतून त्या खर्ड्यातलं एकही वाक्य टिकलं नाही. मग जुनी अप्रेझल्स, कोणती नोंद किती दिवस बाकी आहे हे दाखवणारे महिन्याचे एजिंग रिपोर्ट आणि तिचे काही मेल काढले. आठवणीवर विसंबलं तर शेवटचे काही महिने आणि एखादा ठसठशीत प्रसंग एवढंच वर येतं. तीन वर्षांचं चित्र कागदातून मिळतं.

कागद पाहिल्यावर तिच्या कामात खरोखर वेगळी अशी दोन कौशल्यं दिसली. पहिलं, विक्रेत्याच्या खात्याची जुळवणी. विक्रेता म्हणतो इतके पैसे बाकी, आपलं खातं म्हणतं इतके. मधला फरक शोधायचा. बाकीचे बिल नंबरवरून जुळवत. तिने पाहिलं की बिल नंबर हाताने भरला जातो आणि तो भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. एकाच विक्रेत्याचं बिल एकदा मेलवर स्कॅन होऊन यायचं आणि आठवड्याने मूळ कागद यायचा. एकाने नंबर "०४५७" भरला, दुसऱ्याने "४५७". विक्रेता आणि नंबर तंतोतंत सारखे असतील तरच संगणकप्रणाली दुबार बिल अडवते, त्यामुळे ही जोडी प्रणालीच्या लेखी दोन वेगळी बिलं. तिने दोन गोष्टी सुरू केल्या. नंबर भरताना पुढची शून्यं, मोकळ्या जागा आणि चिन्हं गाळायची असा एक नियम सगळ्यांसाठी लिहून काढला. आणि पैसे सोडण्याच्या आदल्या दिवशी, एकच विक्रेता आणि एकच रक्कम मागच्या साठ दिवसांत पुन्हा आली आहे का, याची यादी काढून ती हाताने तपासायची. त्या यादीतल्या बहुतेक जोड्या निर्दोष असायच्या, महिन्याचं ठरलेलं भाडं किंवा देखभालीची रक्कम वगैरे, पण खरी दुबार बिलंही त्यातूनच पकडली गेली.

दुसरं कौशल्य दिसायला लहान आहे, पण टीमप्रमुखाच्या जागेसाठी जास्त बोलकं. बिल रोखून ठेवताना प्रणालीत शेरा लिहावा लागतो. बहुतेकांचा शेरा "दर जुळत नाही" एवढाच. तिच्या शेऱ्यात तीन गोष्टी असत: काय जुळत नाही, कोणाकडून उत्तर हवं आणि कोणत्या तारखेला पुन्हा विचारायचं. ती रजेवर असली की तिचं काम दुसरा कोणीही तिला फोन न करता पुढे नेऊ शकायचा.

पत्रात हे असं गेलं:

"त्यांचं सर्वांत मोठं बलस्थान म्हणजे खात्यांची जुळवणी. दुबार बिलं प्रणालीतून का निसटतात याचं कारण त्यांनी स्वतः शोधलं, बिल नंबर भरण्याचा एक समान नियम तयार केला आणि पैसे सोडण्यापूर्वीची एक तपासणी सुरू केली. ही तपासणी त्या गेल्यानंतरही आमच्याकडे चालू आहे. रोखलेल्या बिलांवरचे त्यांचे शेरे इतके पूर्ण असत की त्यांच्या गैरहजेरीत दुसरा सहकारी ते काम थेट हाती घेऊ शकत असे."

इथे विशेषणं जवळजवळ नाहीतच. "चालू आहे" या एका वाक्यातून वाचणाऱ्याला जे कळतं ते "अत्यंत कल्पक" म्हटल्याने कळलं नसतं. शिवाय हे विधान तपासता येतं. मुलाखत घेणारा तिलाच विचारेल, "दुबार बिलं कशी सापडली?" आणि ती त्याच तपशिलात उत्तर देईल. रेफरन्स आणि मुलाखत एकमेकांना दुजोरा देतात तेव्हाच पत्राला वजन येतं.

आकड्यांबाबत इथे एक अडचण होती. तिने काम हाती घेतलं तेव्हा ९० दिवसांहून जुन्या अनिर्णित नोंदी साधारण दोनशे होत्या. वर्षभराने त्या चाळिसाच्या आत आल्या. असा आकडा पाहिला की तो तसाच टाकायचा मोह होतो. पण त्याच वर्षी स्टोअर्सने मालाची पोच त्याच दिवशी नोंदवायला सुरुवात केली होती, आणि अडलेल्या बिलांचा बराच भाग त्यानेच मोकळा झाला. सगळं श्रेय तिला देणारं वाक्य खोटं ठरलं असतं. आकडा गाळला तर तिचं खरं काम झाकलं जातं. शेवटी लिहिलं: "त्यांच्या पहिल्या वर्षात जुन्या अनिर्णित नोंदी पाचव्या हिश्शाहून कमी उरल्या. यात स्टोअर्सच्या बदललेल्या पद्धतीचाही वाटा होता. विक्रेत्यांशी एकेक खातं बसवून जुन्या नोंदी निकाली काढण्याचं काम मात्र संपूर्णपणे त्यांचं होतं." मूळ संख्येऐवजी प्रमाण दिल्याने कंपनीची आतली माहितीही बाहेर गेली नाही. आणि श्रेयाची अशी वाटणी केली की वाचणाऱ्याचा उरलेल्या पत्रावरचा विश्वास वाढतो, हा माझा अनुभव आहे.

सुधारणेचा प्रश्न कोरा सोडायचा नसतो. सातपैकी सहा प्रश्नांची उत्तरं दिली तर वाचणारा सातव्याचं उत्तर स्वतः कल्पून घेतो, आणि ते नेहमी वास्तवाहून वाईट असतं. "जास्तच परफेक्शनिस्ट आहे" छापाची गोड उणीवही चालत नाही. ती कोणी खरी मानत नाही आणि मग बलस्थानंही संशयात येतात. तिची खरी उणीव अशी होती: बिलातला दर आणि पर्चेस ऑर्डरमधला दर जुळला नाही की ती खरेदी विभागाला मेल करायची, उत्तर आलं नाही की पुन्हा मेल, पुन्हा मेल, पण वर सांगायची नाही. एकदा तीन आठवडे बिल अडकलं आणि विक्रेत्याने पुढचा माल थांबवला. त्यानंतर आम्ही दर गुरुवारी, दहा दिवसांहून जास्त रोखलेल्या बिलांची यादी माझ्यासमोर ठेवायची असं ठरवलं. दुसऱ्या वर्षापासून तो प्रश्न उरला नाही.

उणीव लिहिताना चार गोष्टी एकत्र असाव्या लागतात: नेमकं वर्तन, ते कोणत्या परिस्थितीत होत होतं, त्याचा परिणाम आणि पुढे काय झालं. यातली एक गळली तरी अर्थ बदलतो. परिस्थिती गळली तर "निर्णय घेत नाही" असा स्वभावदोष वाटतो. पुढचं गळलं तर दोष आजही आहे असं वाटतं. मी लिहिलं:

"सुरुवातीच्या वर्षात दुसऱ्या विभागाकडून उत्तर येत नसेल तर ते वर कळवण्याऐवजी त्या स्वतःच पाठपुरावा करत राहत, आणि एका प्रसंगी त्यामुळे पुरवठा थांबला. रोखलेल्या बिलांची साप्ताहिक यादी सुरू केल्यावर हे दुरुस्त झालं आणि पुढच्या दोन वर्षांत पुन्हा घडलं नाही. नव्या जागी सुरुवातीलाच अशी ठरलेली वेळ असेल तर त्यांना ती उपयोगी पडेल."

पत्रातला क्रमही बोलतो. पत्राची सुरुवात "त्या नियमित आणि वेळेवर येत" अशी केली तर तो मजकूर खरा असूनही वाचणारा समजतो की याहून चांगलं सांगण्यासारखं काही नव्हतं. मोठं काम आधी, किरकोळ गोष्टी नंतर, आणि उणीव मधे. अगदी शेवटी नाही, कारण शेवटचं लक्षात राहतं.

टीम सांभाळण्याच्या प्रश्नावर जपून लिहावं लागलं. आमच्याकडे तिच्या हाताखाली औपचारिकपणे कोणी नव्हतं. "उत्तम नेतृत्वगुण" लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची हमी देणं. "अनुभव नाही" एवढंच लिहिलं तर दार बंद. मी जे पाहिलं तेच सांगितलं: दोन नव्या मुलांना तिने काम शिकवलं, दोघंही स्वतंत्रपणे बिलं पाहू लागली, त्यांच्या चुका ती चारचौघांत न सांगता त्यांच्या टेबलाशी जाऊन दाखवायची. कामगिरीचं मूल्यमापन करणं, रजा नाकारणं, कमी पडणाऱ्या माणसाशी कठीण बोलणं, हे करताना तिला मी पाहिलेलं नाही, असंही स्पष्ट लिहिलं. पाहिलेलं आणि न पाहिलेलं यातली रेघ कागदावर दिसली पाहिजे. ऐकलेलं तर पूर्ण बाहेर. दुसऱ्या विभागातलं कोणी तिच्याबद्दल काय म्हणायचं, चांगलं किंवा वाईट, ते माझ्या पत्रात येत नाही.

तारखा, हुद्दा आणि पगार यांसाठी एचआरचा पत्ता दिला. सोडण्याच्या कारणावर एकच ओळ: त्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि नोटिशीचा काळ पूर्ण करून काम हस्तांतरित केलं. राजीनाम्यामागची तिची खासगी कारणं मला माहीत असली तरी ती सांगण्याचा अधिकार तिचा. मधल्या काळात तिने घेतलेली आजारपणाची रजाही पत्रात नाही. मंजूर रजा हा कामाच्या दर्जाचा पुरावा नसतो.

तक्त्याने मात्र वेळ खाल्ला. आठ गुण, १ ते ५. एका गुणाबद्दलचं चांगलं मत बाकीच्या गुणांवर सांडतं, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेल्या गुणांवरून दाखवलं होतं. हुशारी, शरीरयष्टी, नेतृत्व यांचे अंक एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. म्हणून एक ओळ भरली की लगेच पुढची भरायची नाही. प्रत्येक गुणासमोर आधी एक प्रसंग लिहायचा, मग अंक. प्रसंग सुचला नाही तर अंकही नाही. अचूकतेला ५, लेखी संवादाला ५, वेळेत वर कळवण्याला ३, "टीमचं नेतृत्व"समोर "पुरेसं पाहिलेलं नाही". फॉर्ममध्ये तसा पर्याय नव्हता, तेव्हा शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं. सगळीकडे ५ भरलेला तक्ता माझ्याकडे एखाद्या उमेदवाराबद्दल येतो तेव्हा मी तो बाजूला ठेवते, त्यामुळे तसा पाठवण्यात अर्थ नव्हता.

पुन्हा घ्याल का, या प्रश्नाला फक्त "हो" पुरत नाही. कशासाठी, ते सांगावं लागतं. लिहिलं: "हो. बिलं आणि खातेजुळणीच्या कामासाठी कोणत्याही अटीशिवाय. टीमप्रमुख म्हणूनही घेईन, सुरुवातीच्या तीन महिन्यांत माणसं हाताळण्याबाबत वरिष्ठाची साथ ठेवून." यात तिची बाजू कुठेच कमी होत नाही, आणि नव्या कंपनीला तयारी काय करायची तेही कळतं.

पाठवण्याआधी सगळं पत्र एकदा असं वाचलं की ते तिच्या हातात आहे. कायद्याच्या बाजूनेही ही सवय बरी. ब्रिटनमध्ये १९९४ साली एका विमा कंपनीने दिलेल्या रेफरन्सवरच्या दाव्यात, तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की रेफरन्स देताना माजी कर्मचाऱ्याबद्दल रास्त काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर असते. हेतू वाईट नव्हता एवढं म्हणून सुटका होत नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण प्रत्येक विधानामागे कागद किंवा प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग असेल तर सहसा अडचण येत नाही. ज्या दोन वाक्यांमागे तसा काही आधार सापडला नाही ती काढली. पत्र दीड पानांत आलं. याहून लांब झालं की वाचणारा शोधतो ते सापडत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. असा फोन येईल हे धरूनच चालायचं. "लिहिलं नाहीत असं काही आहे का, आपल्यातच ठेवतो," असं विचारण्यात आलं. फोनवर सांगितलेलं आणि लिहिलेलं एकच असावं. आपल्यात राहील म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांच्या टिपणात जातेच. मी पत्रातलंच पुन्हा सांगितलं. मग "घरच्या जबाबदाऱ्या किती आहेत?" असा प्रश्न आला. त्यावर, कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींबद्दल मी बोलत नाही, एवढं उत्तर दिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. आवाज चढवायची गरज नसते, पण तिथे गप्प राहणंही बरं नाही, कारण गप्प राहण्याचा अर्थ लावला जातो.

शेवटचा प्रश्न मात्र चांगला होता: वर कळवायला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही नेमकं काय करत होता? गुरुवारच्या यादीचे रकाने मी सांगितले: विक्रेता, किती दिवस अडलं, कोणाकडे अडलं, पुढची तारीख. फोन संपल्यावर दिवस, वेळ आणि बोलणं दोन ओळींत टिपून पाठवलेल्या पत्राच्या प्रतीसोबत ठेवलं, आणि तिला मेल केला की विचारणा झाली, उत्तर गेलं, गुरुवारच्या यादीबद्दल विचारत होते, मुलाखतीत तो विषय निघेल.